असली तर... की असती तर?

एका अक्षरामुळे कुणाची सहल हुकली, असं तुम्हाला कुणी सांगितलं तर खरं वाटेल का? पण आमच्या वर्गात हे खरोखरच घडलं. त्याचीच ही गोष्ट.

आमची सहल शिवनेरी किल्ल्यावर जाणार होती. बसमध्ये जागा मोजक्याच होत्या आणि नाव न लागलेली दोन-चार मुलं आशेनं वाट पाहत होती. मी सगळ्यांना सांगितलं, "येणार की नाही ते घरी विचारा आणि उद्या चिठ्ठीवर लिहून आणा." दुसऱ्या दिवशी चौथीतल्या एका मुलीनं चिठ्ठी दिली. तिच्यावर एकच ओळ होती :

'आईला सुट्टी असती तर मी सहलीला आले असते.'

तिचा भाऊ अगदी लहान. आई कामावर गेली की ही त्याला सांभाळते, हे मला माहीत होतं. चिठ्ठी वाचून मी मनात म्हटलं, 'म्हणजे आईला सुट्टी नाही आणि ही येत नाही.' मी तिचं नाव खोडलं आणि वाट पाहणाऱ्या एका मुलाला तिची जागा देऊन टाकली.

चार दिवसांनी तिची आई हसतहसत शाळेत आली. "बाई, मला सुट्टी मिळाली बरं का! हिचे सहलीचे पैसे घ्या."

मी काय बोलणार? बस भरली होती. चिठ्ठी पुन्हा काढून त्या मुलीला विचारलं, "बाळ, तू तर येत नाही असं लिहिलं होतंस ना?" ती रडवेली होऊन म्हणाली, "नाही बाई. आईची सुट्टी अजून कळायची होती. कळली की येणार, असं लिहिलं होतं मी."

तिला लिहायचं होतं, 'आईला सुट्टी असली तर मी सहलीला येईन.' आणि तिनं लिहिलं, 'सुट्टी असती तर आले असते.' 'ली'च्या जागी 'ती' आली आणि उघडं असलेलं दार बंद झालं!

आता ही दोन वाक्यं नीट पाहू या. दोन्हींत 'तर' आहे, दोन्हींत एक अट आहे. व्याकरणाच्या पुस्तकात अशा वाक्यांना संकेतार्थी वाक्यं म्हणतात. पण त्यांचे दोन प्रकार आहेत. एकात अट अजून पुरी होऊ शकते. दुसऱ्यात ती पुरी झालेली नाही, हे बोलणाऱ्याला ठाऊक असतं. तो फक्त कल्पना करतो.

पहिला प्रकार : 'पाऊस पडला तर सामना रद्द होईल.' पाऊस पडेल किंवा पडणार नाही, कुणास ठाऊक! यात एक गंमत आहे. 'पडला' हे रूप भूतकाळाचं, पण गोष्ट मात्र पुढची. 'तर'ला जोडून आलं की हे रूप काल-परवाचं राहत नाही. खरा काळ वाक्याच्या शेवटी कळतो : होईल, येईन, देईन. कधी तिथे आज्ञाही येते, 'पाऊस पडला तर कपडे आत घे.'

दुसरा प्रकार : 'पाऊस पडला असता तर सामना रद्द झाला असता.' इथे दोन्ही भागांना 'असता'ची शेपटी लागली. अर्थ काय? पाऊस पडला नाही आणि सामना रद्द झाला नाही. म्हणजे वाक्य सांगतं एक आणि घडलेलं असतं नेमकं उलट! 'नाही' असेल तर तेही उलटतं. 'तू आठवण केली नसतीस तर मी विसरले असते,' म्हणजे तू आठवण केलीस आणि मी विसरले नाही.

हे ओळखायची एक सोपी युक्ती आहे. वाक्यापुढे 'पण तसं झालं नाही' असं म्हणून पाहा. 'बस वेळेवर आली असती तर मी वेळेवर पोचलो असतो, पण तसं झालं नाही.' छान बसलं! आता हे पाहा : 'बस वेळेवर आली तर मी वेळेवर पोचेन, पण तसं झालं नाही.' कानाला खटकलं ना? मग ते पहिल्या प्रकारचं वाक्य.

लिहिताना मुलं दोन ठिकाणी हमखास चुकतात. एक म्हणजे अर्धं वाक्य या प्रकारचं आणि अर्धं त्या प्रकारचं : 'मी अभ्यास केला असता तर पास होईन.' निकाल लागून गेला असेल तर 'केला असता तर पास झालो असतो', आणि परीक्षा व्हायची असेल तर 'केला तर पास होईन'. आधी स्वतःला विचारा, वेळ गेली आहे की अजून आहे?

दुसरी चूक शेपटीची. 'मी छत्री आणली असतो' असं मुलगे लिहितात. पण 'आणली' हे छत्रीमुळे झालं, म्हणून शेपटीही छत्रीचीच : 'आणली असती'. डबा असेल तर 'आणला असता'. भिजणं मात्र आपलं स्वतःचं, म्हणून मुलगा म्हणेल 'मी छत्री आणली असती तर भिजलो नसतो' आणि मुलगी म्हणेल 'भिजले नसते'.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. वाक्याचं रूप बोलणाऱ्याचं मन सांगतं, जगातलं खरंखोटं नाही. 'सूर्य पश्चिमेला उगवला तर दादा पहाटे उठेल,' असं ताई म्हणते तेव्हा रूप पहिल्या प्रकारचं असतं. सूर्य काही तिकडे उगवणार नाही. ती ताईची थट्टा आहे!

आता रात्री जेवताना घरातल्या सगळ्यांनी मिळून हा खेळ खेळा. एकानं वाक्य वाचायचं, दुसऱ्यानं प्रत्यक्षात काय झालं ते सांगायचं. अजून काहीच ठरलं नसेल तर 'दार उघडं' म्हणायचं.

१. गृहपाठ संपला तर मी खेळायला जाईन.
२. आजी नसती तर आज डबा मिळाला नसता.
३. दूध उतू जायला लागलं तर गॅस बंद कर.
४. तेव्हा अंगणात आंबा लावला असता तर आज सावली असती.

(उत्तरं : १. दार उघडं. २. आजी होती, डबा मिळाला. ३. दार उघडं. ४. आंबा लावला नाही, आज सावली नाही.)

आणि त्या मुलीचं काय झालं? सहलीच्या दिवशी ती घरीच राहिली. तिची चूक एका अक्षराची होती, पण माझी त्याहून मोठी. नाव खोडण्याआधी मी तिला एकदा विचारलं असतं तर ती आमच्याबरोबर शिवनेरी चढली असती. हे वाक्य कुठल्या प्रकारचं, ते आता तुम्हाला सांगायला नको.

पुढच्या वर्षी सहल निघाली तर यादीत पहिलं नाव तिचं असेल. आणि हे वाक्य मात्र पहिल्या प्रकारचं आहे!