पैसे नेमके कधी संपणार?

समजा, पुण्यातली एक छोटी कंपनी खासगी रुग्णालयांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवते. १ एप्रिलला तिच्या खात्यात १ कोटी ८० लाख रुपये आहेत. पगार, भाडं, सर्व्हर, जाहिरात असा महिन्याचा खर्च १६ लाख. मागच्या तीन महिन्यांत ग्राहकांकडून २७ लाख आले, म्हणजे महिन्याला सरासरी ९ लाख. खर्चातून ही वसुली वजा केली की महिन्याला खात्यातून ७ लाख कमी होतात. हा झाला निव्वळ बर्न रेट. शिलकीला त्याने भागलं की रनवे निघतो, म्हणजे नवा पैसा न येता कंपनी किती महिने चालेल ते कळतं. इथे उत्तर येतं पंचवीस महिने. संस्थापक निर्धास्त होतात आणि गुंतवणूकदारांना भेटायचं पुढच्या वर्षावर ढकलतात.

आता बँकेचं स्टेटमेंट नीट उघडून बघू. त्या २७ लाखांतले १५ लाख एकाच रुग्णालयाने वर्षभराची रक्कम आगाऊ भरल्यामुळे आले होते. ते पुन्हा पुढच्या मार्चपर्यंत यायचे नाहीत, आणि तेव्हाही येतीलच याची खात्री नाही. दर महिन्याला खरोखर येणारी वसुली ४ लाखांचीच आहे, म्हणून बर्न रेट ७ नव्हे, १२ लाखांचा. शिवाय शिलकीतले ६ लाख कंपनीचे नाहीतच. त्यात ग्राहकांकडून घेतलेला जीएसटी आहे, कर्मचाऱ्यांच्या पगारातून कापलेला टीडीएस आणि पीएफ आहे. जीएसटी तर फार फसवा. तो बिलावर लागतो, वसुलीवर नाही. रुग्णालयाने नव्वद दिवसांनी पैसे दिले, तरी त्या बिलावरचा कर पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत आपल्या खिशातून भरावा लागतो. हे ६ लाख बाजूला काढले की उरतात १ कोटी ७४ लाख. म्हणजे साडेचौदा महिने.

तेही खर्च आहे तेवढाच राहिला तर. जुलैपासून दोन जण रुजू होणार आहेत, त्यांचा महिन्याचा खर्च ३ लाख. एप्रिल ते जून ३६ लाख गेले की उरलेले १ कोटी ३८ लाख महिन्याला १५ लाखांच्या वेगाने जातील आणि पुढच्या एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात खातं रिकामं होईल. पंचवीस महिन्यांचे बारा झाले, आणि यात कोणाचीही लबाडी नव्हती. फक्त सरासरी आंधळेपणाने काढली होती.

आता या तारखेपासून मागे यायचं. भेटीगाठींपासून टर्म शीट हातात पडेपर्यंत तीन-चार महिने सहज जातात. टर्म शीट म्हणजे पैसे नव्हेत. त्यातली गुंतवणुकीची अट सहसा बंधनकारक नसते. मग ड्यू डिलिजन्स, करारनामे. पैसे खात्यात आल्यावरही ते लगेच वापरता येत नाहीत: कंपनी कायदा २०१३ च्या कलम ४२ नुसार ही रक्कम वेगळ्या बँक खात्यात ठेवावी लागते आणि शेअरवाटप होऊन त्याचं विवरणपत्र निबंधकांकडे दाखल झाल्याशिवाय तिला हात लावता येत नाही. एकूण सहा महिने धरावेत. वाटाघाटींच्या वेळी आणखी सहा महिन्यांचे पैसे शिल्लक हवेत. ड्यू डिलिजन्समध्ये गुंतवणूकदार बँक स्टेटमेंट बघतोच, आणि समोरच्याला घाई आहे हे दिसलं की कंपनीची किंमत पाडतो. म्हणून ऑक्टोबरात टर्म शीट, डिसेंबरअखेर पैसे आणि सुरुवात जुलैत.

खरी अडचण इथे आहे. जुलैत दाखवायची वाढ एप्रिल ते जून याच तीन महिन्यांत व्हायला हवी. ती होणार नसेल, तर बहुतेक जण नोकरभरती तीन महिने लांबवतात. त्याने वाचतात ९ लाख, म्हणजे जेमतेम अठरा दिवस. त्याऐवजी जुलैपासून महिन्याची वसुली ४ वरून ७ लाखांवर नेली, तर भरती होऊनही साडेचौदा महिने मिळतात. माझ्या मते पहिले कष्ट थकलेली बिलं आणि वाढीव दर यांवर घ्यावेत.

आणखी एक रक्कम हिशेबात कोणी धरत नाही. नवे दोघे धरून पगार महिन्याला १४ लाख असतील आणि नोटिशीची मुदत दोन महिन्यांची असेल, तर कंपनी बंद करताना २८ लाख लागतील. हे पैसे माणसांचे आहेत. ते राखायचे, तर शेवटची तारीख एप्रिलची नाही, फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यातली आहे. तुमची कंपनी असेल, तर ही तारीख दर महिन्याला नव्याने काढा आणि सहसंस्थापकांना लेखी कळवा.