घनांच्या फरकातून वर्गांची बेरीज

सर्वांत वर एक लाडू, त्याखाली २ × २ चा थर, त्याखाली ३ × ३ चा, असा चौकोनी मनोरा रचत गेलो आणि तळाचा थर १० × १० चा झाला, तर एकूण लाडू किती? १, ४, ९, १६ असे १०० पर्यंतचे दहा वर्ग मिळवले की ३८५ येतात. आर्यभटाने पाचव्या शतकाच्या अखेरीस ‘आर्यभटीया’च्या गणितपादात अशाच राशीचा नियम दिला आहे. थरांची संख्या, तिच्यात एक मिळवून येणारी संख्या आणि या दोहोंची बेरीज, या तिन्हींचा गुणाकार करून त्याचा सहावा भाग घ्यायचा. १० × ११ × २१ म्हणजे २३१०, आणि त्याचा सहावा भाग ३८५.

नियम पाठ होतो, पण हा ‘सहावा भाग’ आला कुठून? त्याचे उत्तर घनांकडे वळल्यावर मिळते.

१, ८, २७, ६४, १२५ हे ओळीने येणारे घन. शेजारच्या दोन घनांमधले फरक ७, १९, ३७, ६१. हे फरक मिळवत जा. (८ − १) + (२७ − ८) + (६४ − २७) यात ८ एकदा अधिक, एकदा उणे येतो. २७ चेही तेच. मधले सगळे कटते आणि उरतो फक्त शेवटचा घन वजा पहिला. पासबुकातल्या नोंदी एकेक करून मिळवल्या नाहीत, तरी अखेरच्या शिलकीतून सुरुवातीची शिल्लक वजा केली की निव्वळ भर कळते, तसेच हे.

आता बेरीज हवी आहे वर्गांची, मग घन कशाला? कारण शेजारच्या दोन घनांच्या फरकात घन उरतच नाही, वर्ग उरतो:

(k + 1)³ − k³ = 3k² + 3k + 1

सगळी युक्ती या एका ओळीत आहे. k च्या जागी १ पासून १० पर्यंतच्या संख्या ठेवून दहा ओळी लिहा आणि उभी बेरीज करा. डावीकडे काटाकाट होऊन ११ चा घन वजा १ उरतो, म्हणजे १३३१ − १ = १३३०. उजवीकडे वर्गांच्या बेरजेची तिप्पट, १ ते १० च्या बेरजेची तिप्पट आणि दहा वेळा आलेला १. १ ते १० ची बेरीज ५५, तिची तिप्पट १६५. १३३० मधून १६५ आणि १० वजा केले की ११५५ उरतात. ही झाली तिप्पट. म्हणून वर्गांची बेरीज ३८५. एकही वर्ग मिळवावा लागला नाही.

दहाच्या जागी n घेऊन आणि वर्गांची बेरीज S मानून हेच लिहू. १ ते n ची बेरीज n(n + 1)/2 असते, म्हणून:

(n + 1)³ − 1 = 3S + 3n(n + 1)/2 + n

इथे सगळे कंस सोडवत बसण्याची घाई करू नये. −1 आणि पलीकडून येणारा −n एकत्र घेतले की −(n + 1) होते, आणि मग प्रत्येक पदातून (n + 1) बाहेर काढता येतो:

3S = (n + 1)[(n + 1)² − 1 − 3n/2]

चौकटी कंसात n² + n/2 उरते, म्हणजेच n(2n + 1)/2. म्हणून:

S = n(n + 1)(2n + 1)/6

आता सहाचा उगम स्पष्ट दिसतो. ३ आले घनाच्या विस्तारातून आणि २ आले १ ते n च्या बेरजेतून.

विद्यार्थी बहुधा शेवटच्या पदात चुकतात. प्रत्येक ओळीत १ असतो आणि ओळी n असतात, तरी बेरजेत n ऐवजी नुसता १ लिहिला जातो. ही चूक n = 1 घालून तपासली तर पकडली जात नाही, कारण तिथे n आणि १ एकच. म्हणून n = 2 घालून पाहावे. २७ − १ − ९ − १ = १६, आणि १६ ला ३ ने भाग जात नाही. बरोबर लिहिले तर १५ येतात आणि उत्तर ५, म्हणजे १ + ४.

या रीतीची एक अट आहे. वर्गांची बेरीज काढण्याआधी साध्या संख्यांची बेरीज माहीत असावी लागते, आणि घनांची काढायची तर या दोन्ही. ही शिडी एकेक पायरीनेच चढावी लागते. फ्रान्समध्ये ब्लेझ पास्कलने १६५४ च्या सुमारास याच मार्गाने कोणत्याही घाताच्या बेरजेची सर्वसाधारण रीत मांडली.

पुढची पायरी वाचकांनी स्वतः चढून पाहावी. (k + 1)⁴ − k⁴ चा विस्तार करा, ओळी मिळवा, आणि वर मिळालेले S त्यात वापरा. पहिल्या दहा घनांची बेरीज ३०२५ आली पाहिजे.