डब्याची मागची बाजू : रक्तवाढीच्या पावडरीचे लेबल कसे वाचावे

वर्धा, हिंगणघाट, पुलगाव, देवळी, आर्वी या भागातल्या आपल्या वस्त्यांत गेली काही वर्षे रक्तवाढीच्या आणि ताकदीच्या पावडरींचे डबे घरोघरी दिसू लागले आहेत. कुणी मेडिकलमधून आणतो. कुणाला नात्यातलीच बाई विकते, कारण तिने कंपनीची मेंबरशिप घेतलेली असते. डब्यावर डाळिंब, बीट आणि हसरी मुलगी असते. आम्ही वस्तीत हिमोग्लोबिन तपासायला बसतो तेव्हा बाया हा डबा पुढे करतात आणि विचारतात, "ताई, हे चांगलं आहे का?"

याचे उत्तर डब्याच्या मागच्या बाजूला असते. ते बारीक अक्षरात आणि बहुतेक वेळा इंग्रजीत असते, कारण कायद्याप्रमाणे लेबल इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत चालते, मराठीची सक्ती नाही. पण घरातली आठवीतली पोरगीही ते वाचून दाखवू शकते. कोणत्या तीन जागा पाहायच्या एवढे ठाऊक असले की पुरे. समजण्यासाठी आम्ही एक नमुन्याचा डबा घेतो. तो कोणत्याही एका कंपनीचा नाही, पण बाजारातले डबे साधारण असेच असतात. डबा ३०० ग्रॅमचा, किंमत ४५० रुपये. पुढे मोठ्या अक्षरात लिहिले आहे : १०० ग्रॅममध्ये लोह ३० मि.ग्रॅ., प्रोटीन २० ग्रॅम.

पहिली जागा : सर्व्हिंग साइज

सर्व्हिंग साइज म्हणजे एका वेळी किती घ्यायचे ते माप. आपल्या डब्यावर लिहिले आहे : सर्व्हिंग साइज ३० ग्रॅम, दोन स्कूप, दिवसातून दोन वेळा. म्हणजे पुढच्या बाजूचा १०० ग्रॅमचा आकडा आपल्या कामाचा नाही, कारण एका वेळी १०० ग्रॅम पावडर कुणी खात नाही. एका वेळच्या ३० ग्रॅममध्ये लोह येते ९ मि.ग्रॅ. आणि प्रोटीन ६ ग्रॅम. एवढे प्रोटीन एका अंड्यात मिळते, किंवा मूठभर फुटाण्यांत.

आता डबा किती दिवस पुरेल ते पाहा. ३०० ग्रॅमला ३० ने भागले की दहा वेळा. दिवसातून दोनदा घेतले तर डबा पाच दिवसांत संपतो. महिन्याला सहा डबे, म्हणजे २,७०० रुपये. विकणारा "साडेचारशेचा डबा" म्हणतो, हा हिशोब सांगत नाही. मग घरात काय होते? पैसे पुरावेत म्हणून दोन स्कूपऐवजी एक चमचा टाकला जातो आणि डबा महिनाभर चालतो. तेव्हा लेबलवरचा एकही आकडा खरा राहत नाही.

त्याच तक्त्यात साखरेची ओळ शोधा. आपल्या डब्यात १०० ग्रॅमला ५० ग्रॅम साखर आहे. म्हणजे अर्धा डबा साखरच, आणि दर वेळी १५ ग्रॅम, साधारण तीन लहान चमचे. घरात कुणाला शुगरचा आजार असेल तर ही ओळ सगळ्यात आधी वाचावी. आणखी एक शब्द पाहावा : "दुधासह". काही डब्यांवरचे आकडे एक कप दूध धरून लिहिलेले असतात. त्यातले बरेचसे प्रोटीन दुधाचे असते, आणि ते दूध आपण वेगळे विकत घेतो.

दुसरी जागा : टक्केवारी

तक्त्याच्या उजवीकडे "% आरडीए" असा रकाना असतो. परदेशी डब्यावर "% डेली व्हॅल्यू" लिहितात. अर्थ असा की निरोगी माणसाला दिवसभरात जेवढे लागते त्याचा कितवा भाग या एका मापात आहे. यात पाहायचे ते हे की हा निरोगी माणूस कोण धरला आहे.

आयसीएमआर आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये ठरवलेल्या मापाप्रमाणे पुरुषाला दिवसाला १९ मि.ग्रॅ. लोह लागते आणि पाळी येणाऱ्या बाईला २९. अमेरिकेच्या लेबलवर सगळ्यांसाठी १८ धरतात. आपल्या डब्यातले ९ मि.ग्रॅ. तेच राहते, पण पुरुषाच्या मापाने ते ४७ टक्के होते, अमेरिकेच्या मापाने ५० टक्के आणि आपल्या बाईच्या मापाने ३१ टक्के. लोह वाढले नाही, फक्त भागाकार बदलला. म्हणून टक्क्यांवर जाऊ नका, शेजारचा मि.ग्रॅ.चा आकडा वाचा. बाईसाठी तो २९ शी ताडून पाहा.

दुसरे असे की ही टक्केवारी निरोगी माणसाची रोजची गरज सांगते. रक्त आधीच कमी झालेल्या बाईला ते भरून काढायला त्याहून जास्त लोह लागते. त्यामुळे १०० टक्के लिहिलेला डबाही रक्तक्षयावरचा उपचार होत नाही. अशा वस्तूंसाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्ये नियम केले. त्यांप्रमाणे डब्यावर "हेल्थ सप्लिमेंट" आणि "नॉट फॉर मेडिसिनल यूज", म्हणजे औषध म्हणून वापरासाठी नाही, असे लिहावेच लागते. ते शोधून बोट ठेवा. एफएसएसएआयचा चौदा आकडी नंबरही दिसेल. तो खाद्यपदार्थाच्या परवान्याचा नंबर आहे. रक्त वाढते असा दाखला त्यातून मिळत नाही.

आता शेजारी सरकारी लाल गोळी ठेवा. आशाताई किंवा नर्सबाई ती फुकट देतात. तिच्यात ६० मि.ग्रॅ. लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून रोज एक, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस ती देतात. एका गोळीएवढे लोह आपल्या डब्यातून घ्यायचे तर जवळजवळ सात सर्व्हिंग लागतील, म्हणजे दोनशे ग्रॅम पावडर आणि तिच्यासोबत शंभर ग्रॅम साखर. गोळीने मळमळते, शौचाला काळे होते, म्हणून बाया ती कोनाड्यात ठेवून देतात हे आम्हाला ठाऊक आहे. काळा रंग लोहाचाच असतो, त्याला भिऊ नये. मळमळ होत असेल तर गोळी रात्री जेवणानंतर घ्यावी. चहा आणि दूध तिच्यासोबत नको, त्याने लोह अंगी कमी लागते. पावडर तर दुधातच घालायला सांगतात, हेही ध्यानात घ्या.

तिसरी जागा : प्रोप्रायटरी ब्लेंड

तक्त्याच्या खाली "प्रोप्रायटरी ब्लेंड ५०० मि.ग्रॅ." अशी ओळ येते आणि पुढे नावांची रांग : अश्वगंधा, शतावरी, आवळा, मोरिंगा, बीट, डाळिंब, जिनसेंग, केशर. काही डब्यांवर "हर्बल ब्लेंड" किंवा "स्पेशल मिक्स" असेल. याचा अर्थ, सगळे मिळून ५०० मि.ग्रॅ., पण कोणते किती ते कंपनी सांगत नाही. ५०० मि.ग्रॅ. म्हणजे अर्धा ग्रॅम, चिमूटभर.

तरी थोडे कळू शकते. नावे वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायची असतात. सगळ्यात जास्त असलेले पहिले, सगळ्यात कमी असलेले शेवटी. नावे आठ आहेत. आठही सारखे धरले तरी प्रत्येकाच्या वाट्याला साधारण ६२ मि.ग्रॅ. येतात. म्हणजे शेवटचे केशर ६२ पेक्षा जास्त असूच शकत नाही, आणि एक मि.ग्रॅ. असले तरी नाव छापता येते. पुढच्या बाजूला ज्या डाळिंबाचे चित्र आहे ते या रांगेत सहावे आहे. पहिल्या अश्वगंधेचा वाटा मात्र साडेचारशे मि.ग्रॅ.ही असू शकतो. गरोदरपणात अश्वगंधा टाळायला सांगतात. थायरॉईडची गोळी चालू असेल तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये. पण किती घेतली हेच ठाऊक नसेल तर डॉक्टर तरी काय सांगणार? म्हणून गरोदर बाई, लहान मूल किंवा कायमची गोळी चालू असलेला माणूस घरात असेल, तर आकडे झाकलेला डबा त्यांना देऊ नये.

जे लेबलवर नसते : सिकलसेल

आपल्या समाजाने हा भाग नीट वाचावा. विदर्भात आपल्या बौद्ध कुटुंबांत आणि आदिवासी बांधवांत सिकलसेल आढळतो. या आजारात रक्त कमी होते ते लोह कमी पडल्याने नव्हे. तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात आणि लवकर फुटतात. फुटलेल्या पेशींतले लोह अंगातच राहते. ज्याला रक्त चढवावे लागते त्याच्या अंगात प्रत्येक पिशवीमागे आणखी दोनशे ते अडीचशे मि.ग्रॅ. लोह जाते. जास्तीचे लोह बाहेर टाकण्याची सोय शरीरात नाही. ते वर्षानुवर्षे यकृतात आणि हृदयात साठते आणि त्यांना इजा करते.

अशा मुलाला "अशक्त दिसतो, रक्त कमी आहे" म्हणून रक्तवाढीचा डबा दिला, तर फायदा नाहीच, वर लोहाची भर पडते. काही सिकलसेल रुग्णांत लोहही कमी असते, पण ते रक्त तपासूनच कळते आणि डॉक्टरांनीच ठरवायचे. त्यांना रोज लागते ती फॉलिक ॲसिडची गोळी. लाल गोळीतही लोह आहे, म्हणून घरात सिकलसेल असेल तर आशाताईलाही ते आधी सांगावे. नुसता वाहक असलेल्याला लोहाची कमतरता असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने लोह घेता येते.

म्हणून क्रम असा ठेवावा. हिमोग्लोबिन कमी आले की आधी सिकलसेलची तपासणी. प्राथमिक आरोग्य केंद्रात बोटातल्या थेंबभर रक्तावर सोल्युबिलिटी चाचणी होते. ती पॉझिटिव्ह आली तर पुढची चाचणी करून आजार आहे की नुसता वाहक आहे ते ठरते. जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीमही चालू आहे, तिच्यात ही तपासणी मोफत होते. कारण कळल्यावर मग गोळी, आणि डबा घ्यायचाच असेल तर त्याच्या तिन्ही जागा वाचून.

कालामांना तथागतांनी जे सांगितले ते आपण विहारात ऐकतो : कुणी सांगितले म्हणून मानू नका, पारखून घ्या. येत्या पौर्णिमेला महिला मंडळाच्या बैठकीत प्रत्येकीने घरातला डबा सोबत आणावा. शाळेतल्या पोरींनी मागची बाजू मोठ्याने वाचावी आणि तीन आकडे वहीत लिहावेत : एका वेळी किती ग्रॅम, त्यात लोह किती मि.ग्रॅ. आणि महिन्याला किती रुपये. ब्लेंडचे आकडे झाकलेले असतील तर तिथे फुली मारावी. मग ती वही आशाताईला दाखवावी.

जय भीम.