काचेच्या बशीत न वाढणारा जंतू

2018 च्या पावसाळ्यात नागपूर आणि विदर्भात ‘स्क्रब टायफस’चे रुग्ण सापडू लागले, तेव्हा अनेकांनी हे नाव पहिल्यांदाच ऐकलं. गवतात, झुडपांत राहणाऱ्या चिगर नावाच्या सूक्ष्म किड्याच्या चाव्यातून हा आजार होतो. त्यामागचा जिवाणू आहे ओरिएन्शिया त्सुत्सुगामुशी. पण अशा रुग्णाचं रक्त कल्चरला पाठवलं, तर काही दिवसांनी अहवाल येतो: ‘वाढ नाही.’ जंतू रक्तात असूनही बाटलीत वाढत नाही. तो जगतो आणि वाढतो फक्त जिवंत पेशीच्या आत, म्हणून अशा जिवाणूंना सक्तीचे पेशीवासी म्हणता येईल.

ॲगार म्हणजे समुद्री शेवाळापासून काढलेला, जेलीसारखा घट्ट होणारा पदार्थ. त्यात मांसरस, मीठ, कधी रक्त मिसळून काचेच्या बशीत ओततात. अनेक जिवाणूंना एवढं पुरतं. साखर आणि अमिनो आम्लं उचलायची, ती मोडून ऊर्जा मिळवायची, उरलेल्यातून स्वतःचं शरीर बांधायचं आणि दुभंगायचं, हे सगळं ते स्वतः करतात. आपल्या आतड्यातल्या ई. कोलायकडे या कामासाठी सुमारे 4300 जनुकं असतात.

ओरिएन्शियाचा चुलतभाऊ रिकेट्सिया प्रोवाझेकी हा उवांमधून पसरणाऱ्या टायफसचा जंतू. 1998 मध्ये त्याचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला आणि प्रथिनं बनवणारी जनुकं निघाली फक्त 834. ग्लुकोज मोडण्याची साखळीच त्यात नव्हती. अमिनो आम्लं आणि डीएनएचे घटक घडवणारी बहुतेक जनुकंही गायब होती. ज्याच्या घरी रोज डबा येतो, तो हळूहळू चूलच मोडून टाकतो, तसं हे झालं. पेशीच्या आत सगळं तयार मिळत असताना ती जनुकं बिघडली तरी जंतूचं काही अडलं नाही, आणि लाखो वर्षांत ती गळून गेली. ओरिएन्शियाचीही गत अशीच. त्यालाही ग्लुकोज मोडता येत नाही.

मग जे कमी आहे ते सगळं ॲगारमध्ये घातलं तर? इथे खरी अडचण सुरू होते. पेशीतली ऊर्जा एटीपी नावाच्या रेणूत साठवलेली असते. तो वापरला की त्याचा एडीपी होतो, आणि पेशी त्याचा पुन्हा एटीपी करते. साधारण जिवाणू आपला एटीपी आवरणाबाहेर जाऊ देत नाहीत. या जंतूंच्या आवरणात मात्र अदलाबदल करणारी खास प्रथिनं असतात. ती पेशीतला एक एटीपी आत घेतात आणि वापरलेला एक एडीपी बाहेर टाकतात. पेशीत हे चालतं, कारण बाहेर पडलेल्या एडीपीचा पुन्हा एटीपी करायला पेशीची यंत्रणा अहोरात्र राबत असते. बशीत घातलेला एटीपी संपत जातो, एडीपी साचत जातो, आणि भरून काढणारं कुणी नसतं. शिवाय पेशीच्या आत पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी असतं, तर नेहमीच्या ॲगारमध्ये घातलेलं असतं ते सोडियमचं मीठ. पेशीबाहेर पडलेला रिकेट्सिया काही तासांतच दुबळा होतो, नव्या पेशीत शिरण्याची ताकद गमावतो.

तेव्हा जंतूला जिवंत पेशीच पुरवायच्या, हाच मार्ग उरला. पूर्वी त्यासाठी गिनीपिग आणि उंदीर वापरत. 1938 मध्ये अमेरिकेत हेरल्ड कॉक्स यांनी सोपी वाट दाखवली: कोंबडीचं फलित अंडं. सहा-सात दिवस उबवलेलं अंडं दिव्यासमोर धरून आतला जीव जिवंत आहे ना ते बघतात, बोथट टोकाला भोक पाडून सुईने नमुना बलकात सोडतात आणि भोक बंद करतात. बलकाभोवतीच्या पिशवीच्या पेशींत जंतू भरभरून वाढतात. पहिल्या एक-दोन दिवसांत गर्भ मेला, तर सुईची इजा किंवा भलता जंतू शिरला असं समजून अंडं टाकून देतात. त्यानंतर मेला, तर पिशवी काढून तिच्यात जंतू शोधतात. मात्र कोंबड्यांच्या खाद्यात टेट्रासायक्लिन असेल, तर ते अंड्यात उतरतं आणि जंतू वाढतच नाहीत. म्हणून अंडी प्रतिजैविक न दिलेल्या कोंबड्यांचीच लागतात.

आज प्रयोगशाळांत अंड्याची जागा बहुतांशी पेशींच्या थराने घेतली आहे. स्क्रब टायफसचा नमुना घेऊ. रक्त डॉक्सिसायक्लिनचा पहिला डोस देण्याआधी काढावं लागतं, नाहीतर जंतू सापडण्याची शक्यता फार घटते. छोट्या सपाट बुडाच्या कुपीत गोल काच ठेवून तिच्यावर उंदराच्या किंवा माकडाच्या पेशींचा एकसलग थर आधीच वाढवलेला असतो. त्यावर रक्तातला पांढऱ्या पेशींचा भाग घालून कुपी सुमारे तासभर सेंट्रिफ्यूजमध्ये मंद वेगाने फिरवतात. त्यामुळे जंतू पेशींवर दाबले जातात आणि आत शिरणं सोपं होतं. मग कुपी 35 अंशांच्या आसपास उबेत ठेवायची आणि अधूनमधून द्रव बदलायचा.

घाई इथे उपयोगाची नाही. ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो, ओरिएन्शियाला अर्धा दिवस किंवा त्याहून जास्त लागतो. पहिली खूण दिसायला बहुधा काही आठवडे जातात. तेव्हा काच काढून चमकणारी प्रतिपिंडं लावली, की पेशीच्या केंद्रकाशेजारी हिरव्या ठिपक्यांचा घोळका दिसतो. पेशीत शिरलेला ओरिएन्शिया केंद्रकाच्या दिशेने सरकतो आणि तिथेच वाढतो.

दुसऱ्याच दिवशी द्रव गढूळ आणि पिवळा झाला, तर ती यशाची नव्हे, बिघाडाची खूण. ओरिएन्शिया नुसत्या द्रवात वाढूच शकत नाही, म्हणजे बाहेरचा जंतू शिरला आहे. याच कारणाने साध्या ॲगारचा इथे उलटा उपयोग होतो. कुपीतला थेंब बशीवर पसरतात. त्यावर काही उगवलं, तर कल्चर दूषित झालं. बशी रिकामी राहिली आणि पेशींत ठिपके दिसले, तरच काम बरोबर.

ही वाट काही जंतूंसाठी मोकळी झाली आहे. क्यू-तापाचा कॉक्सिएला हाही असाच सक्तीचा पेशीवासी मानला जात होता. 2009 मध्ये संशोधकांनी त्याच्या पेशीतल्या घराची नक्कल केली: आम्ल द्रव, निवडक पोषकं आणि हवेतल्या 21 टक्क्यांऐवजी फक्त अडीच टक्के ऑक्सिजन. जंतू पेशीविना वाढला. पण त्याच्याकडे स्वतःची बरीच यंत्रणा शिल्लक होती. रिकेट्सिया आणि ओरिएन्शियासाठी असा द्रव अजून कुणाला जमलेला नाही.

त्यामुळे कल्चर हे संशोधनाचं साधन आहे, रुग्णाच्या खाटेजवळचं नव्हे. त्यासाठी कडक सुरक्षेची खास प्रयोगशाळा लागते, आणि उत्तर येईपर्यंत रुग्ण एकतर बरा झालेला असतो किंवा हातचा गेलेला. शेतात किंवा गवतात वावरल्यानंतर ताप आला, तर काखेत, जांघेत, कंबरेच्या पट्ट्याखाली काळी खपली शोधा, डॉक्टरांना ती दाखवा आणि स्क्रब टायफसबद्दल विचारा. रक्ताच्या कल्चरमध्ये ‘वाढ नाही’ आली, म्हणून निर्धास्त होऊ नका.