सुताराच्या झोपड्यातला देव

वेरूळच्या दहा क्रमांकाच्या लेण्याला लोक ‘सुताराचं झोपडं’ म्हणतात. आत जाऊन वर पाहिलं की नावाचं कारण कळतं. छताला एकापाठोपाठ एक कमानदार वासे आहेत, आणि कातळातच कोरलेले असूनही ते लाकडाचे वाटतात. समोर स्तूपाला टेकून एक भव्य मूर्ती पाय खाली सोडून बसली आहे. असं काम देवांचा कारागीरच करू जाणे, असं मानून सुतार मंडळी तिला विश्वकर्मा म्हणून हात जोडत आली. लेण्याचं रूढ नावही तेच पडलं.

मूर्ती मात्र बुद्धाची आहे. हे ओळखायला शिलालेख लागत नाही. वस्त्र, डोकं, हात आणि बैठक या चार जागा ओळीने पाहिल्या की बहुतेक मूर्तींचा उलगडा होतो. ही ओळ महत्त्वाची आहे. आपली नजर आधी हाताकडे जाते आणि फसगत तिथेच होते, कारण मूर्तीत सगळ्यांत आधी मोडतात ते हातच.

म्हणून सुरुवात वस्त्रापासून करावी. पहिला प्रश्न एवढाच: समोरचा भिक्षू आहे की राजपुत्र? बुद्धाच्या अंगावर भिक्षूचं चीवर असतं, दागिना एकही नसतो. बोधिसत्त्व, म्हणजे बुद्धत्वाच्या वाटेवर असून लोकांसाठी थांबलेला, तो राजपुत्राच्या थाटात असतो. कमरेला धोतर, उघडी छाती, गळ्यात हार, दंडात केयूर.

चीवर ओळखणं वाटतं तितकं सोपं नाही. गांधारच्या शिल्पकारांनी ते जाड घोंगडीसारखं दाखवलं, दोन्ही खांदे झाकून, चुण्यांवर चुण्या. पाचव्या शतकात सारनाथला ते इतकं तलम झालं की चुण्या नाहीशाच झाल्या. अजिंठा-वेरूळच्या कारागिरांनी ही तलम तऱ्हाच उचलली. त्यामुळे मूर्ती पहिल्या नजरेला उघडी भासते. अशा वेळी काठ शोधावा. गळ्याशी किंवा छातीवरून तिरकी जाणारी एक बारीक रेघ, मनगटापाशी लोंबणारं टोक, घोट्यावर थांबलेली कड, मांडी घातलेली असेल तर पायांमध्ये पंख्यासारखी पसरलेली निरी. यांतलं काही दिसलं की चीवर आहे. वेरूळला ही खूण फार उपयोगी पडते, कारण त्याच डोंगराच्या उत्तर टोकाला 30 ते 34 क्रमांकांची जैन लेणी आहेत. तिथले तीर्थंकरही मांडी घालून, हात मांडीवर ठेवून, डोळे मिटून बसलेले आहेत. शरीराची ठेवण जवळपास तीच. पण ते दिगंबर आहेत, कितीही शोधलं तरी काठ सापडत नाही.

मग डोकं. बुद्धाचे केस बारीक कुरळे, माथ्यावर उंचवटा, त्याला उष्णीष म्हणतात. कानाच्या पाळ्या लांब आणि रिकाम्या. राजवाड्यातली जड कुंडलं उतरवली, पाळ्या लोंबत्या राहिल्या. बोधिसत्त्वाच्या डोक्यावर मुकुट किंवा जटांचा मुकुटासारखा बांधलेला जुडा असतो, आणि त्याच्या पुढच्या बाजूला अनेकदा नावच कोरलेलं असतं म्हणा ना. जुड्यात ध्यानस्थ बुद्धाची इवलीशी मूर्ती असेल तर तो अवलोकितेश्वर. तिथे छोटा स्तूप असेल तर पुढे येणारा बुद्ध, मैत्रेय. मुकुट दिसला की बोधिसत्त्व, हा नियम वेरूळला चालतो, सगळीकडे नाही. बिहार-बंगालमध्ये पाल राजांच्या काळात मुकुट घातलेले बुद्धही घडवले गेले. तिथे पुन्हा खाली यावं आणि अंगावर चीवर आहे का ते पाहावं.

आता हात. झोपड्यातल्या मूर्तीचे दोन्ही हात छातीपाशी आहेत. उजव्या अंगठ्याचं आणि तर्जनीचं वर्तुळ करायचं आणि त्याला डाव्या हाताचं बोट लावायचं, की धर्मचक्र मुद्रा होते. सारनाथला पाच शिष्यांना दिलेला पहिला उपदेश तो हा. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातल्या मुख्य बुद्धाचे हात असेच आहेत. तिथे शंका राहू नये म्हणून बैठकीवर मध्ये चक्र आणि दोन बाजूंना दोन हरणं कोरली आहेत, सारनाथच्या मृगवनाची आठवण म्हणून.

गोंधळ होतो तो भूमिस्पर्श आणि वरद या मुद्रांत. दोन्हींत उजवा हात गुडघ्यावरून खाली येतो. फरक तळव्याचा आहे. हाताची पाठ आपल्याकडे आणि बोटं जमिनीकडे असतील तर तो भूमिस्पर्श. बोधगयेला माराने आव्हान दिलं तेव्हा बुद्धाने पृथ्वीला साक्षीला बोलावलं, तो क्षण. तळवा आपल्याकडे उघडा असेल तर वरद, म्हणजे देणारा हात. अंगठा आणि बोटं झडलेल्या मूर्तीतही हा फरक बहुधा शिल्लक असतो. कोपरापासून हात गेला असेल तर मोडल्याची जागा पाहावी. छातीवर तुटल्याची खूण असेल तर हात वर होते, गुडघ्यावर असेल तर खाली होता.

एक मर्यादा इथे लक्षात ठेवावी. मुद्रा प्रसंग सांगते, व्यक्ती नेहमी सांगत नाही. पुढे वज्रयानात भूमिस्पर्श ही अक्षोभ्याची आणि ध्यान ही अमिताभाची ओळख ठरली. म्हणून मूर्ती कोणत्या काळातली आणि एकटी आहे की पाच बुद्धांच्या मांडणीतली, हे पाहिल्याशिवाय नाव घेऊ नये.

बैठकही अशीच अर्धी साक्ष देते. पाय खाली सोडून बसणं म्हणजे प्रलंबपादासन, सिंहासनावर बसलेल्या राजाची बैठक. इतरत्र मैत्रेय अनेकदा असा बसतो. म्हणून कुणी झोपड्यातल्या मूर्तीला मैत्रेय म्हणेल. पण अजिंठ्याच्या 26 व्या लेण्यातही स्तूपावरचा बुद्ध असाच बसलेला आहे. आपल्याकडच्या लेण्यांत बुद्धालाही ही बैठक देत असत, तेव्हा तिच्यावरून एकट्याने निकाल लावता येत नाही. एक पाय दुमडलेला आणि दुसरा सैल सोडलेला, ते ललितासन मात्र बुद्धाला सहसा देत नाहीत. ते बोधिसत्त्वांचं आणि तारेसारख्या देवींचं.

ही चार पावलं घेऊन दोन लेणी पुढे, बारा क्रमांकाच्या ‘तीन ताल’मध्ये जावं. तळमजल्यावर भिंतीत नऊ घरांची चौकट कोरली आहे. तीन ओळी, प्रत्येकीत तीन घरं. मधल्या घरात दागिन्यांवाचून बसलेला, उष्णीष असलेला, म्हणजे बुद्ध. उरलेली आठ घरं मुकुटधाऱ्यांची, म्हणजे आठ बोधिसत्त्व. आता हातातल्या वस्तू पाहाव्यात. कमळ अवलोकितेश्वराचं, वज्र वज्रपाणीचं, पोथी मंजुश्रीची. उरलेल्यांच्या नावांवर अभ्यासकांचंही एकमत नाही, कारण खुणा झिजल्या आहेत.

वरच्या मजल्यावर मात्र चारही पावलं अडतात. गाभाऱ्याच्या बाहेर दोन्ही बाजूंना सात-सात बुद्ध ओळीने बसले आहेत. वस्त्र, डोकं, बैठक, सगळं सारखं. इथे नजर माथ्यावर न्यावी लागते. एका बाजूच्या सातांवर छत्रं आहेत, दुसऱ्या बाजूच्या सातांवर झाडं. हे गौतमापर्यंतचे सात बुद्ध, आणि प्रत्येकाला बोधी झाली ती आपापल्या झाडाखाली. काश्यपाचा वड, कनकमुनीचा उंबर, विश्वभूचा साल, गौतमाचा पिंपळ. मूर्ती सारख्या, पानं वेगळी. वड, उंबर आणि पिंपळ वेगळे ओळखायला मराठी माणसाला कुठल्या ग्रंथाची गरज नाही.