आग विझल्यावर विमा कंपनीला काय लिहावे?

दुकानाला लहानशी आग लागली तरी क्लेम मंजूर होतो तो कागदावर. कापड बाजारातील एका दुकानदाराच्या अर्जावरून हे पाहू. त्याने घटनाक्रम असा लिहिला होता :

"शुक्रवारी दुपारी 1 वाजता नमाजसाठी दुकान बंद केले. 1.50 ला शेजारच्या दुकानदाराने शटरमधून धूर पाहिला. 2 वाजता आम्ही शटर उघडले व मेन स्विच बंद केला. मागच्या रॅकला आग लागलेली होती. 2.20 ला बंब आला, 2.45 ला आग विझली. त्याच दिवशी विमा कंपनीला व पोलीस ठाण्यात कळवले."

कारणाबद्दल त्याने एवढेच लिहिले, की रॅकमागची वायर जळालेली दिसली. "शॉर्टसर्किटच झाले" असे ठासून सांगितले नाही. कारण ठरवणे सर्व्हेअरचे व अग्निशमन दलाचे काम आहे. आपला अंदाज त्यांच्या अहवालाशी जुळला नाही तर उगाच संशय येतो.

नुकसानीची यादी त्याने खरेदी भावाने केली, कारण विमा विक्रीचा नफा भरून देत नाही. 60 साड्या 900 रुपयांप्रमाणे 54,000. सूटिंग 200 मीटर, 180 रुपयांप्रमाणे 36,000. पाणी व धुराने खराब झालेले 100 ड्रेसपीस 45,000 चे, त्यांची भंगार किंमत 15,000, म्हणजे नुकसान 30,000. एकूण 1,20,000. बंबाच्या पाण्याने भिजलेला मालही आगीच्या नुकसानीतच धरला जातो. मात्र सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत जळके तुकडेसुद्धा फेकू नयेत. मोजायला तेच पुरावा असतात.

आता खरी मेख. दुकानात एकूण माल किती होता, हे सर्व्हेअर वह्यांवरून काढतो. 31 मार्चचा शिल्लक माल 7 लाख, नंतरची खरेदी 5 लाख, मिळून 12 लाख. विक्री 5 लाखांची, तीत 20 टक्के नफा, म्हणजे 4 लाखांचा माल गेला. राहिला 8 लाखांचा. विमा होता फक्त 6 लाखांचा. मालाच्या तीन चतुर्थांशाचाच विमा, म्हणून भरपाईही तीन चतुर्थांश : 90,000, त्यातूनही पॉलिसीतील ठरावीक कपात वजा. यादी चोख असूनही 30,000 अंगावर पडले. 2021 पासूनच्या भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा पॉलिसीत 15 टक्क्यांपर्यंतची तूट माफ आहे, पण इथे ती 25 टक्के होती. ईद-दिवाळीचा माल भरताना विम्याची रक्कम वाढवून घेतली असती, तर हे टळले असते.

शिलाई वा जरीकाम करणाऱ्या कारागिरांनी आणखी एक पाहावे. गिऱ्हाइकाचे कापड आपल्याकडे अमानत असते. पॉलिसीत दुसऱ्याच्या ठेवलेल्या मालाचा उल्लेख नसेल, तर त्याची भरपाई मिळत नाही, आणि गिऱ्हाइकाला जबाब आपल्यालाच द्यावा लागतो. गल्ल्यातील रोकड व हिशेबाच्या वह्यांचेही तसेच आहे. म्हणून वह्यांची एक नक्कल घरी ठेवावी. दुकानातली वही जळाली, तर वरचा हिशेब मांडणार कशावरून?