दोन पांढऱ्यांखालचा लाल

जयगडच्या खाडीतून रात्री बाहेर पडणाऱ्या होडीला समोरून येणारे मालवाहू जहाज निदान सहा सागरी मैलांवरून दिसायला हवे. तेवढ्या अंतरावरून दिसतील असे पांढरे दिवे डोलकाठीवर लावणे 50 मीटरपेक्षा लांब जहाजांना बंधनकारक आहे. उलट बाजूचा हिशेब वेगळा आहे. 12 मीटरपेक्षा लहान होडीचा पांढरा दिवा दोन मैलांवरून दिसला आणि लाल-हिरवा एका मैलावरून दिसला, की नियमाचे समाधान होते. जहाज 14 नॉटने येते आहे आणि होडी 6 नॉटने त्याच्या दिशेने चालली आहे असे धरू. नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, सुमारे 1.85 किलोमीटर. दोघांमधले अंतर तासाला 20 मैलांनी घटते. तांडेलाला जहाज दिसल्यापासून त्याच्या हातात 18 मिनिटे असतात. जहाजावरच्या अधिकाऱ्याला होडीचा पांढरा दिवा दिसतो तेव्हा सहा मिनिटे उरलेली असतात, आणि लाल-हिरवा ओळखू येतो तेव्हा फक्त तीन. भरलेल्या मोठ्या जहाजाला थांबायलाच मैलभर किंवा त्याहून जास्त पाणी लागते. म्हणून दिवे वाचण्याचे काम आधी लहान होडीने करायचे असते. नियमाने कुणी कुणाला वाट द्यायची, हा प्रश्न त्यानंतरचा.

हे नियम 1972 च्या आंतरराष्ट्रीय करारातले आहेत. 1977 पासून ते लागू आहेत आणि ते जसे तेलवाहू जहाजाला, तसेच वल्ह्याच्या होडीलाही. त्यांतले चातुर्य दिव्यांच्या रंगात कमी आणि ते कुठून दिसतात यात जास्त आहे. डाव्या बाजूचा लाल दिवा अगदी समोरपासून डाव्या काटकोनाच्या थोडा मागेपर्यंत, म्हणजे 112.5 अंशांत दिसतो. उजव्या बाजूचा हिरवा तेवढाच, पण उजवीकडे. डोलकाठीवरचा पांढरा दिवा या दोन्हींची मिळून होणारी कक्षा उजळतो. मागे उरलेल्या 135 अंशांत फक्त मागचा पांढरा दिवा दिसतो. दुसऱ्या बोटीचा कोणता दिवा दिसतो आणि कोणता दिसत नाही, यावरून ती बोट आपल्याला कोणती बाजू दाखवते आहे हे कळते. बोट स्वतः दिसायची गरजच नाही.

मोठ्या जहाजावर पांढरे दिवे दोन असतात, पुढचा खाली आणि मागचा वर. बाजूचे दिवे नियमाने तीन मैलांवरून दिसायचे, त्यामुळे दुरून आधी हे दोन पांढरेच दिसतात आणि तेवढ्यावर बरेच कळते. खालचा दिवा ज्या बाजूला, त्या बाजूला जहाजाची नाळ. खालचा डावीकडे असेल तर जहाज डावीकडे चालले आहे आणि जवळ आल्यावर लाल दिसणार. खालचा उजवीकडे असेल तर हिरवा. दोन्ही पांढरे दूर-दूर असतील तर जहाज आडवे चालले आहे. ते एकमेकांच्या जवळ सरकू लागले तर जहाज आपल्याकडे वळते आहे. एकावर एक आले आणि खाली लाल-हिरवा दोन्ही दिसले, तर नाळ थेट आपल्यावर आहे.

एक प्रसंग सविस्तर पाहू. नऊ मीटरची फायबरची होडी, जाळे अजून टाकलेले नाही, तांडेल सरळ पश्चिमेला 6 नॉटने चालला आहे. उजवीकडे, वायव्येच्या जरा उत्तरेला, दोन पांढरे दिसतात. खालचा डावीकडे. होकायंत्रावर त्यांची दिशा साधारण 333 अंश. पाच मिनिटांनी पुन्हा पाहिले तरी 333, आणखी चार मिनिटांनीही तेच. दिवे मोठे आणि उजळ झालेत, पण दिशा हललेली नाही. समुद्रावर याचा अर्थ एकच असतो: दोघेही असेच चालत राहिले तर एकाच जागी पोहोचणार. जहाज 12 नॉटने दक्षिणेला येत असेल तर ही दिशा अशीच ठरते, आणि पाच मैलांवरून भेट व्हायला 22 मिनिटे लागतात. होडीत होकायंत्र नसेल तर केबिनच्या खांबाच्या ओळीत तो दिवा धरून बसायचे, आपली दिशा मात्र ढळू द्यायची नाही. दिवा खांबाच्या पुढे सरकला तर जहाज आपल्या पुढून जाईल, मागे पडला तर मागून. खांबालाच चिकटून राहिला तर काही करायची वेळ झाली.

तीन मैलांच्या आत आल्यावर पांढऱ्यांखाली लाल दिसू लागतो. आपल्या उजव्या हाताला लाल दिसणे म्हणजे चौकातल्या सिग्नलसारखेच: वाट आपण द्यायची. डावीकडून येणाऱ्याचा हिरवा दिसतो, तिथे वाट त्याने द्यायची असते. आपल्या तांडेलाने उजवीकडे वळावे आणि चांगले वळावे, जवळजवळ उत्तरेकडे तोंड होईपर्यंत. पाच-पाच अंशांनी चोरून वळण्यात अर्थ नाही, जहाजावरून ते कळतच नाही. नीट वळले तर तिकडे एक ठळक गोष्ट घडते. आतापर्यंत होडीचा हिरवा जहाजाच्या बाजूला होता, आता लाल झाला. जहाजाचा आपल्याला लाल, आपला जहाजाला लाल, म्हणजे दोघे डाव्या बाजूंनी एकमेकांना ओलांडणार. पण होडीचा रंग जहाजाला मैलभरावरूनच दिसण्याची हमी असल्याने, जहाज समजून घेईल या भरवशावर न राहता हे वळण तीन मैलांवरच घ्यावे.

सगळ्यात फसवा म्हणजे एकटा पांढरा दिवा. आपल्यापुढे त्याच दिशेने चाललेल्या बोटीचा मागचा दिवा असू शकतो. नांगरलेल्या होडीचा असू शकतो. सात मीटरपेक्षा लहान आणि 7 नॉटपेक्षा जास्त वेग नसलेल्या इंजिनाच्या होडीला एकच चौफेर पांढरा चालतो, तिचाही असेल. आणि लाल-हिरवे अजून न दिसणारी मध्यम आकाराची बोट असेल तरी एवढेच दिसते. एका नजरेत निवाडा होत नाही. दोन-तीन मिनिटांनी पुन्हा दिशा पाहायची, आणि तोवर ती आपल्याकडेच येणारी बोट आहे असे धरून चालायचे. तो मागचा दिवा निघाला तर आपण मागून ओलांडणारे, आणि ओलांडणाऱ्याने नेहमीच बाजूने जायचे.

आता आपला स्वतःचा दिवा. 20 ऑगस्ट 2006 च्या रात्री ‘औझो’ नावाची साधारण आठ मीटरची शिडाची बोट इंग्लंडच्या दक्षिणेला, आइल ऑफ वाइटच्या जवळून चालली होती. मध्यरात्रीनंतर ‘प्राइड ऑफ बिल्बाओ’ ही प्रचंड फेरीबोट तिच्या अगदी जवळून गेली. दोघांची धडक झाली किंवा फेरीच्या लाटेने शिडाची बोट बुडाली, यांपैकी एक घडले असे ब्रिटनच्या सागरी अपघात तपास यंत्रणेने म्हटले. तिन्ही खलाशी गेले. फेरीवरच्या टेहळ्याला तिचा दिवा अगदी शेवटच्या क्षणी दिसला होता. त्याचा चष्मा उन्हात काळा होणाऱ्या काचांचा होता आणि अशा काचा रात्रीही थोडा प्रकाश अडवतात. बोटीचा दिवा पुरेसा उजळ दिसला नसावा, हाही तपासातला मुद्दा होता.

आपल्या किनाऱ्यावर याची कारणे नेहमीची आहेत. प्लास्टिकची काच उन्हाने पांढुरकी होते, तिच्यावर मिठाचा थर बसतो, तारेचा जोड गंजतो आणि बल्बला पूर्ण वीज पोहोचत नाही. बल्बच्या जागी निळसर पांढरा एलईडी बसवला तर लाल काचेतून तो फिका गुलाबी दिसू शकतो. बंदरातच एकदा कुणाला तरी दुसऱ्या होडीतून लांब पाठवून आपला दिवा बघायला सांगितले की यातले बहुतेक दोष कळतात. मात्र अलीकडे दिसणारी एलईडी पट्ट्यांची रोषणाई मला खरोखर खटकते. नारळी पौर्णिमेला बंदरात ती शोभून दिसते. भर समुद्रात मात्र त्या लाल-निळ्या-हिरव्या लखलखाटात खरा हिरवा कोणता हे जहाजावरून ओळखता येत नाही, आणि डेकवरचा झगझगीत प्रकाश तांडेलाचे डोळे आंधळे करतो. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला अर्धा तास तरी लागतो. मोबाईलचा पडदा एकदा पाहिला की ती कमाई बरीचशी गेली.

जाळे पाण्यात गेले की चिन्ह बदलते. तरत्या जाळ्याने मासेमारी करणाऱ्या बोटीने लाल दिवा वर आणि त्याच्याखाली पांढरा, दोन्ही चौफेर दिसतील असे लावायचे. ओढायच्या जाळ्याच्या ट्रॉलरने लालऐवजी हिरवा. जाळे 150 मीटरपेक्षा लांब पसरले असेल तर त्या दिशेला आणखी एक पांढरा. लालखाली पांढरा दिसला की इंजिनावर चालणाऱ्या जहाजाने बाजूला व्हायचे असते. हा हक्क मोठा आहे, पण दिवाच न लावणाऱ्याला तो मागता येत नाही. शिवाय अरुंद जलमार्गात तो चालत नाही: बंदराच्या खोदलेल्या वाटेत जाळे टाकून तिथून जाणाऱ्या जहाजाला अडवता येत नाही.

भोंग्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. 20 मीटरपेक्षा लहान बोटीच्या भोंग्याचा आवाज अर्ध्या मैलापर्यंत पोहोचावा एवढीच नियमाची अपेक्षा असते, आणि जहाजाच्या बंद केबिनमध्ये तोही नीट पोहोचत नाही. जहाजाला काही सांगायचे तर रेडिओचे चॅनेल 16 बरे. भोंगा जवळच्या होड्यांसाठी. साधारण सेकंदाचा एक छोटा आवाज म्हणजे मी उजवीकडे वळतो आहे, दोन म्हणजे डावीकडे, तीन म्हणजे इंजिन मागे टाकले. जहाजाकडून पाच छोटे झटपट ऐकू आले तर ते विचारते आहे की तू नेमके काय करतो आहेस. पाच ऐकून तिथेच थांबून पाहत बसणे हा सर्वांत वाईट प्रतिसाद.

हिवाळ्यातल्या पहाटे खाडीत धुके उतरते तेव्हा दिवे निरुपयोगी होतात आणि खरे काम आवाजाचे सुरू होते. चालती इंजिनाची बोट दर दोन मिनिटांच्या आत चार ते सहा सेकंदांचा एक लांब भोंगा देते. थांबलेली बोट दोन लांब. जाळे टाकलेली किंवा शिडावर चाललेली एक लांब आणि दोन छोटे. 12 मीटरपेक्षा लहान होडीला हे नेमके आवाज सक्तीचे नाहीत, पण दोन मिनिटांच्या आत काहीतरी ठणठणीत आवाज करणे सक्तीचे आहे. पत्र्याचा डबा बडवला तरी चालतो. धुक्यात एकमेकांना न दिसणाऱ्या बोटींना उजव्या हाताचा लाल, डाव्या हाताचा हिरवा हा हिशेब लागू नसतो. कुणालाच वाटेचा हक्क राहत नाही. नाळेच्या पुढून भोंगा ऐकू आला तर वेग होडी जेमतेम वळेल इतका कमी करायचा, गरज पडली तर पूर्ण थांबायचे, आणि आवाजाच्या दिशेवर विश्वास ठेवायचा नाही. धुक्यात आवाज कुठून आला हे कानाला नीट सांगता येत नाही. अशा वेळी इंजिन मिनिटभर बंद करून ऐकावे. पुढच्या भोंग्याला तो आवाज मोठा झाला की लहान, एवढे कान नक्की सांगतो.